एलएम २५ मध्ये इलाँगेशन सकाळी बसते आणि दुपारी का पडते?

प्रश्न: आम्ही एलएम २५ चे ब्रॅकेट ग्रॅव्हिटी डायमध्ये ओततो. २५० किलोची मूस आहे, चार्जमध्ये साधारण ४० टक्के रनर-रायझरचे रिटर्न असतात. सकाळी डिगॅसिंगची टॅब्लेट मारून झाल्यावर १० टक्क्यांचा स्ट्रॉन्शियम मास्टर अलॉय ४०० ग्रॅम टाकतो. जेवणाच्या सुट्टीनंतर मूस पुन्हा भरतो, ड्रॉस काढतो, परत टॅब्लेट मारतो आणि ओतणे सुरू करतो. टी ६ नंतर हार्डनेस आणि यील्ड दिवसभर सारखेच येतात, पण इलाँगेशन सकाळी ६-७ टक्के आणि दुपारी २ टक्के. ग्राहकाला किमान ५ हवे आहे. सिलिकॉनचा आकार बदलतो म्हणजे नक्की काय होते, आणि आमचे चुकते कुठे?

उत्तर:

दुपारच्या मेटलमध्ये स्ट्रॉन्शियम जवळपास उरलेलेच नाही. काही तुम्ही नवा माल टाकून पातळ केलेत, आणि उरलेले टॅब्लेटमधल्या क्लोरीनने खाल्ले. हिशोब पुढे मांडतो. त्याआधी सिलिकॉनबद्दल, कारण हार्डनेस तसाच राहून फक्त इलाँगेशन का कोसळते हे त्यातूनच कळते.

ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा युटेक्टिक बिंदू १२.६ टक्के सिलिकॉन आणि ५७७ अंश सेल्सिअसला आहे. एलएम २५ मध्ये सिलिकॉन ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्याच्या बरेच खाली. म्हणून थंड होताना आधी ॲल्युमिनियमचे डेंड्राइट झाडासारखे वाढतात आणि त्यांच्या फांद्यांमधले उरलेले मेटल शेवटी युटेक्टिक म्हणून गोठते. हे उरलेले मेटल थोडेथोडके नसते. लिव्हर रूल लावला तर ७ टक्के सिलिकॉनला कास्टिंगचा जवळजवळ निम्मा भाग युटेक्टिक निघतो. डेंड्राइट कितीही चांगले असले तरी भार या निम्म्या भागातूनच एका फांदीवरून दुसरीवर जातो. तिथे सिलिकॉन कोणत्या आकारात बसला आहे, त्यावर तुकडा किती ताणला जाईल ते ठरते.

मॉडिफाय न केलेल्या मेटलमध्ये सिलिकॉन पात्यांच्या रूपात वाढतो. मायक्रोस्कोपखाली त्या करड्या सुयांसारख्या दिसतात, पण तो पातीचा काप असतो. नमुना खोल एच करून ॲल्युमिनियम खाऊन टाकले, की खरा आकार दिसतो: दोन-तीन मायक्रॉन जाड, सावकाश थंड झालेल्या जाड भागात पन्नास-शंभर मायक्रॉन लांब, कोपरे धारदार, आणि एकमेकींना जोडलेल्या पात्या. स्ट्रॉन्शियम पुरेसे असेल तर त्याच जागी समुद्रातल्या पोवळ्यासारखा फांद्या फुटलेला तंतूंचा झुबका मिळतो. तंतूंची जाडी एखाद्या मायक्रॉनच्या आसपास, टोके गोलसर. कापात हे तंतू बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. सिलिकॉनचे प्रमाण दोन्हीकडे तेच असते, स्पेक्ट्रोवर त्यात काहीच फरक दिसत नाही.

आता ताण द्या. सिलिकॉन कडक आणि ठिसूळ आहे, तो वाकत नाही. भोवतालचे ॲल्युमिनियम मात्र वाहते. पाती जितकी लांब आणि पातळ, तितका भोवतालच्या ॲल्युमिनियमचा भार तिच्यावर जमत जातो, आणि अगदी थोड्या ताणाला ती मधेच तडकते किंवा ॲल्युमिनियमपासून सुटते. एक पाती तडकली की धारदार भेग तयार झाली, आणि पुढची पाती जवळच, बहुतेक वेळा जोडलेलीच. भेगेला तयार रस्ता मिळतो. तंतू किंवा गोल दाण्यांच्या बाबतीत तडकायला बराच जास्त ताण लागतो, आणि एखादा तडकला तरी पुढच्या दाण्यापर्यंत पोचायला भेगेला मऊ ॲल्युमिनियम फाडत जावे लागते. इलाँगेशनचा सगळा खेळ एवढाच आहे.

यील्ड आणि हार्डनेस मात्र सिलिकॉनच्या आकारावर फारसे चालत नाहीत. टी ६ मध्ये ते मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या एजिंगमध्ये पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी ठरतात, आणि मॅग्नेशियम तुमच्याकडे दिवसभर तेच आहे. म्हणून हार्डनेसवर विसंबून मॉडिफिकेशन तपासणे म्हणजे थर्मामीटरने वजन करणे. यूटीएस या दोहोंच्या मधे पडते. मॉडिफाय केल्याने ते वाढते, पण मेटल मुळात जास्त मजबूत झाले म्हणून नव्हे. नमुना लवकर तुटत नाही, यील्डच्या पुढे आणखी ताणला जातो, आणि तोवर भार चढत राहतो, म्हणून.

या दोन गोष्टी एकत्र मोजायला क्वालिटी इंडेक्स वापरतात. यूटीएस मेगापास्कलमध्ये, इलाँगेशन टक्क्यांत आणि लॉग दहाच्या पायाचा:

Q = UTS + 150 × log(E)

समजा सकाळचा बार २८० मेगापास्कल आणि ६.५ टक्के: Q साधारण ४०२. दुपारचा २५५ आणि २ टक्के: Q ३०० च्या आसपास. यूटीएसमध्ये २५ चा फरक आहे, Q मध्ये शंभराचा. मॅग्नेशियम किंवा एजिंग बदलले तर यूटीएस आणि इलाँगेशन एकमेकांविरुद्ध सरकतात आणि Q फारसा हलत नाही. Q च एवढा पडतो तेव्हा दोष हीट ट्रीटमेंटच्या घड्याळात नाही, मेटलमध्येच शोधायचा: सिलिकॉनचा आकार, लोखंड, पोरॉसिटी किंवा ऑक्साइड.

स्ट्रॉन्शियम शंभर-दोनशे पीपीएममध्ये एवढे कसे करते? सिलिकॉनचा स्फटिक ठरावीक सपाट बाजूंनीच वाढतो, म्हणून त्याची पाती होते. वाढत्या पायऱ्यांवर स्ट्रॉन्शियमचे किंवा सोडियमचे अणू चिकटले, की स्फटिकाच्या थरांची रचना जागोजागी उलटते, जुळ्या स्फटिकांच्या सीमा असंख्य तयार होतात आणि वाढ प्रत्येक दिशेला फांद्या फोडत जाते. दुसरी बाजू फॉस्फरसची आहे. इंगटमध्ये काही पीपीएम फॉस्फरस असतोच. त्याचे ॲल्युमिनियम फॉस्फाइड होते, त्याची स्फटिक-जाळी सिलिकॉनशी जवळजवळ जुळते, म्हणून सिलिकॉनला जन्म घ्यायला ते आयती जागा देते. स्ट्रॉन्शियम ही जागा निकामी करते. मग युटेक्टिक सुरू व्हायला मेटल आणखी काही अंश थंड व्हावे लागते. हे ‘काही अंश’ लक्षात ठेवा, तपासणीत कामाला येतील.

सोडियमच्या मिठाने हे साधते हे अलादार पाच यांच्या १९२१ च्या अमेरिकन पेटंटपासून माहीत आहे. सोडियम आजही स्ट्रॉन्शियमपेक्षा जोरदार मॉडिफायर आहे, विशेषतः जाड वाळूच्या कास्टिंगमध्ये. पण ते वीस-तीस मिनिटांत उडून जाते आणि किती उरले याचा भरवसा नसतो. तासन्‌तास मूस धरून ओतणाऱ्या ग्रॅव्हिटी डायच्या कामाला म्हणूनच स्ट्रॉन्शियम बरे. ते टिकते, पण कायमचे नाही.

आता तुमचा हिशोब. एलएम २५ मध्ये लक्ष्य ०.०१५ ते ०.०२० टक्के ठेवा. सकाळी रिटर्नमधून आलेले ०.००३ टक्के मेटलमध्ये आहे असे धरू. ४०० ग्रॅम मास्टर अलॉय म्हणजे ४० ग्रॅम स्ट्रॉन्शियम, ९० टक्के रिकव्हरीने ३६ ग्रॅम, २५० किलोवर ०.०१४४ टक्के. एकूण ०.०१७ च्या वर. अगदी बरोबर आहे, म्हणून सकाळचे बार चांगले येतात.

ओतताना पृष्ठभागावरचे स्ट्रॉन्शियम ऑक्सिजनशी संयोग पावत राहते. तापमान जास्त, मूस उथळ आणि ढवळणे सततचे, तितके ते लवकर जाते. सुट्टीपर्यंत ते ०.०१५ वर आले आणि मुशीत १०० किलो उरले असे समजू. त्यावर तुम्ही १५० किलो टाकता: ९० किलो इंगट, ज्यात स्ट्रॉन्शियम नाही, आणि ६० किलो रिटर्न, ज्यात धरू ०.०१०. एकत्र केले की ०.००८४ टक्के होते, म्हणजे टॅब्लेट मारण्याआधीच सकाळच्या निम्मे. मग टॅब्लेट येते. हेक्साक्लोरोइथेनची टॅब्लेट क्लोरीन सोडते, आणि क्लोरीन स्ट्रॉन्शियमला क्लोराइड करून थेट ड्रॉसमध्ये नेते. क्लोरीनयुक्त फ्लक्सही हेच करतो. टॅब्लेटनंतर ०.००३-०.००४ उरले तर नवल नाही. या पातळीला डायच्या पातळ भिंतीत थोडेफार मॉडिफिकेशन दिसेल, कारण तिथे थंडच इतके झटपट होते की सिलिकॉन बारीक पडतो. जाड बॉसमध्ये आणि टेस्ट बारमध्ये मात्र पात्याच मिळतील.

म्हणून दुपारच्या चार्जलाही स्वतःचा डोस हवा. ०.०१८ गाठायला ०.००४ वरून ०.०१४ टक्के वाढवायचे: २५० किलोवर ३५ ग्रॅम स्ट्रॉन्शियम, म्हणजे ३५० ग्रॅम मास्टर अलॉय, ९० टक्क्यांनी भागून साधारण ३९० ग्रॅम. ‘सकाळी टाकलेय, थोडे कमी टाकू’ असे म्हणून १०० ग्रॅम टाकणे हा या कामातला सर्वात नेहमीचा चुकीचा अंदाज आहे.

क्रमही बदला. चार्ज पूर्ण वितळू द्या, ७३०-७४० अंशांवर आणा. फ्लक्स किंवा टॅब्लेट वापरायची तर आत्ताच, आणि तिचा ड्रॉस पूर्ण काढून टाका. शक्य असेल तर टॅब्लेट कायमची बंद करून रोटरी डिगॅसर घ्या. नायट्रोजन किंवा आर्गॉनने स्ट्रॉन्शियम फारसे जात नाही. त्यानंतर मास्टर अलॉय कोरडा, गरम करून, मेटलच्या खाली बुडवून धरा. पृष्ठभागावर तरंगत ठेवला तर तिथेच जळतो. रॉड असेल तर लवकर विरघळतो, जाड वॅफल असेल तर वेळ लागतो, कारण त्यातले ॲल्युमिनियम-स्ट्रॉन्शियमचे कण मोठे असतात. रोटरी असेल तर स्ट्रॉन्शियम घातल्यावर दहा-पंधरा मिनिटे फिरवा, म्हणजे मिसळतेही आणि मास्टर अलॉयबरोबर आलेला हायड्रोजनही निघतो. फक्त टॅब्लेट असेल तर स्ट्रॉन्शियमनंतर ती पुन्हा मारायची नाही, हळुवार ढवळून पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. मगच नमुना.

नमुना घ्यायच्या तीन पद्धती आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. स्पेक्ट्रो फक्त किती स्ट्रॉन्शियम आहे ते सांगतो. ते काम करते आहे का, हे सांगत नाही. चार्जमध्ये पिस्टनचे भंगार गेले असेल तर फॉस्फरस जास्त असू शकतो, कारण पिस्टनच्या काही मिश्रधातूंमध्ये तो मुद्दाम घालतात. काही इंगटमध्ये अँटिमनी असतो, आणि तो स्ट्रॉन्शियमला बांधून टाकतो. अशा मेटलमध्ये ०.०१८ आकडा दिसूनही पात्या मिळतात. इंगटच्या सर्टिफिकेटवर अँटिमनी आणि फॉस्फरस मागून घ्या, कारण पुष्कळ फौंड्रींच्या स्पेक्ट्रोवर फॉस्फरसचे चॅनेलच नसते.

दुसरी पद्धत थर्मल ॲनालिसिसचा कप. मघाशी म्हटलेले ‘काही अंश’ इथे दिसतात: मॉडिफाय झालेल्या मेटलचा युटेक्टिकचा सपाट टप्पा न झालेल्यापेक्षा साधारण ५ ते १० अंश खाली येतो. पुस्तकातला आकडा घेऊन तुलना करू नका. मॅग्नेशियम आणि इतर घटकांनी हा टप्पा सरकतो. आपल्याच इंगटचे, स्ट्रॉन्शियम न घातलेले मेटल त्याच कपात ओतून आधाररेषा काढा आणि तिच्यापासून फरक मोजा. मुशीजवळ पाच-सात मिनिटांत उत्तर देणारी हीच पद्धत.

तिसरी, मायक्रोस्कोप. शेवटचा शब्द त्याचाच. अर्धा टक्का हायड्रोफ्लोरिक ॲसिडने एच करून अमेरिकन फौंड्री सोसायटीच्या तक्त्याशी जुळवतात, जिथे १ म्हणजे अजिबात मॉडिफाय नाही आणि ५ म्हणजे पूर्ण. नमुना कास्टिंगच्या सर्वात जाड भागातून काढा. पातळ भागातून काढला तर तो नेहमीच पास होईल आणि तुम्हाला फसवेल. हे ॲसिड कातडीतून आत शिरते आणि दुखायला उशीर लागतो. हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल जवळ असल्याशिवाय बाटली उघडू नये. काहीच साधन नसेल तर जाड चाचणी-तुकडा मोडून पाहा. भरड, चकाकणाऱ्या करड्या कणांचा भंग म्हणजे मॉडिफाय नाही. बारीक, फिकट, रेशमी भंग म्हणजे झालेले आहे. ही पद्धत ढोबळ आहे, पण ‘०.०१८ की ०.००४’ एवढा फरक डोळ्याला दिसतो.

हीट ट्रीटमेंटमध्ये आकार पुन्हा एकदा बदलतो. ५४० अंशांच्या सोल्यूशनला सिलिकॉनच्या तंतूंचे पहिल्या तास-दोन तासांतच तुकडे पडतात आणि ते गोल होऊ लागतात. टी ६ नंतर दिसणारे गोल दाणे हे त्यांचेच. जाड पात्यांचे तसे होत नाही. सहा-आठ तासांत फक्त कोपरे बोथट होतात, लांबी तशीच राहते. म्हणून ‘मॉडिफिकेशन चुकले, पण सोल्यूशन चार तास वाढवून सावरू’ हा मार्ग महाग पडतो आणि फळ थोडे देतो. उलट चांगले मॉडिफाय झालेल्या पातळ डाय-कास्टिंगला फार लांब सोल्यूशन दिले तर दाणे एकमेकांना खाऊन मोठे होत जातात. त्यात फायदा काही नाही, फक्त वीज जाते.

स्ट्रॉन्शियम वाढवत नेले तर? ०.०२० च्या फार पुढे इलाँगेशन वाढत नाही. ०.०४-०.०५ च्या पुढे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि स्ट्रॉन्शियमची ठिसूळ संयुगे दिसू लागतात आणि सिलिकॉन पुन्हा भरड होतो. त्याआधीच दुसरी तक्रार येते: पोरॉसिटी. मॉडिफाय केलेल्या मेटलमध्ये आकसण्याची जागा रायझरमध्ये एका खड्ड्यात जमा होण्याऐवजी बारीक छिद्रांमध्ये विखुरते. स्ट्रॉन्शियम सुरू केल्यावर प्रेशर टेस्टला गळती वाढली, असे अनेक ठिकाणी होते, आणि मग कोणीतरी स्ट्रॉन्शियमच बंद करते. त्याऐवजी हायड्रोजन खाली आणा. दोन नमुने घ्या, एक हवेत गोठवलेला आणि एक ८० मिलिबार दाबाखाली. हवेतली घनता २.६५ आणि निर्वातातली २.५८ आली, तर फरक भागिले २.६५, म्हणजे डेन्सिटी इंडेक्स २.६ टक्के. अशा ब्रॅकेटसाठी तो २ च्या खाली ठेवा. टॅब्लेटवर हे रोज साधणे कठीण, म्हणून रोटरीचे वर म्हटले.

ग्रेन रिफायनरचा एक किरकोळ मुद्दा: टायटॅनियम-बोरॉनचा रॉड बेतानेच टाका. जास्तीचा बोरॉन स्ट्रॉन्शियमशी संयुग करून दोघांनाही निरुपयोगी करतो, आणि रिटर्नमधून तो साठत जातो.

आणि लोखंड. एलएम २५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत चालते, पण ५ टक्के इलाँगेशनची हमी द्यायची असेल तर ते चालवून घेऊ नका. लोखंडाच्याही स्वतःच्या पात्या पडतात, ॲल्युमिनियम-लोखंड-सिलिकॉनच्या, आणि स्ट्रॉन्शियमचा त्यांच्यावर भरवशाचा इलाज नाही, हीट ट्रीटमेंटचा तर नाहीच. मॅंगनीज लोखंडाच्या निम्मे ठेवले तर त्या थोड्या आटोपशीर होतात. खरा उपाय ०.२० च्या आतले इंगट, आणि लेप न लावलेले लोखंडी पळे, थर्मोकपलच्या नळ्या मुशीत बुडवून न ठेवणे. तुमचा सकाळचा आकडा ६-७ येतो, म्हणजे लोखंड बहुधा आटोक्यात आहे.

उद्या तीन स्पेक्ट्रो नमुने घ्या: सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या पळीतला, मूस भरून वितळल्यावर टॅब्लेटच्या आधीचा, आणि टॅब्लेटनंतर ड्रॉस काढल्यावरचा. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक नव्या मालाने पातळ झाल्याचा, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला क्लोरीनचा. तिसरा आकडा हातात आला की ०.०१८ मधून तो वजा करून दुपारचा डोस काढा. त्या डोसनंतर एक बार ओता आणि त्याच दिवशी संध्याकाळी शेवटच्या पळीतून दुसरा, दोन्हींवर वेळ टाका. दोन्ही बार ५ च्या खालीच राहिले, तर पुढचा संशय इंगटमधल्या अँटिमनी-फॉस्फरसवर घ्या, स्ट्रॉन्शियमच्या डोसवर नाही.